‘भाषा जरा बघ’

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे असे समजू. कामगार साडेतीनशे, पाळ्या तीन, पगार दर महिन्याच्या ७ तारखेला. तिथल्या एचआर विभागात अश्विनी नावाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह आहे, नोकरीचे दुसरे वर्ष चालू आहे. कारखाना आणि माणसे कल्पनेतली आहेत, पण त्यांच्यावर आलेला प्रसंग एचआरमध्ये चार वर्षे काढलेल्या कुणालाही अनोळखी वाटणार नाही.

७ तारखेला पगार झाला. ८ तारखेच्या सकाळी टाइम ऑफिसच्या खिडकीशी प्रेस शॉपचे कामगार जमा झाले. त्यांच्या पेस्लिपवर ओव्हरटाइमच्या रकान्यात शून्य होते. एकदोघांच्या नव्हे, तब्बल ४३ जणांच्या. एका मोठ्या ऑर्डरसाठी त्यांनी आदल्या महिन्यात रविवारी येऊन काम केले होते आणि सगळ्यांचे मिळून ५१६ तास भरत होते. कारखान्यातल्या ओव्हरटाइमला १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून दुप्पट दर आहे. ताशी ११० रुपये पडणाऱ्या माणसाला त्या तासाचे २२० मिळायला हवेत. म्हणजे एक लाख साडेतेरा हजारांच्या आसपास रक्कम द्यायची राहिली होती. ज्याने घरभाड्याला किंवा मुलाच्या फीला हेच पैसे धरून ठेवले होते, त्याच्या दृष्टीने ही चूक अजिबात लहान नव्हती.

एचआर मॅनेजर देशमुख सरांना खिडकीशी जाऊन दोनदा माफी मागावी लागली. केबिनमध्ये परतल्यावर त्यांनी पेरोल टीमला उद्देशून मेल लिहिला आणि मसुदा अश्विनीकडे पाठवला. सोबत एकच ओळ होती : “भाषा जरा बघ आणि पाठवून दे.” चाकण-पुण्याकडच्या कंपन्यांत बोलणे मराठीत आणि मेल इंग्रजीत ही रोजचीच पद्धत, तसा हाही मेल इंग्रजीत होता. त्यातला मजकूर मराठीत असा :

“आज जे झाले ते लाजिरवाणे आहे. इतक्या साध्या कामात तुम्ही माती खाल्लीत. पेरोल टीमला जबाबदारी कशाशी खातात हे माहीत नाही असे दिसते. सागरने डोळे उघडे ठेवले असते तर खिडकीशी हा तमाशा झाला नसता. ४३ जणांचा ओव्हरटाइम राहिला आहे, तो ताबडतोब गेला पाहिजे. पुन्हा असे झाले तर नुकसान तुमच्या पगारातून वसूल करीन. कारणे ऐकण्यात मला रस नाही.”

मेल पेरोलच्या तिघांना होता, आणि सीसीमध्ये प्लांट हेड, सगळे विभागप्रमुख, अकाउंट्स आणि प्रेस शॉपचे सुपरवायझर मिळून चौदा जण.

सात वाक्ये आहेत, आणि त्यांतले कामाचे वाक्य एकच, पाचवे. तेही अपुरे आहे. ‘ताबडतोब’ म्हणजे आज, उद्या की पुढच्या पगाराबरोबर, हे त्यावरून कळत नाही. बाकीच्या सहा वाक्यांतून पेरोलच्या माणसाला एवढेच समजते की साहेब भडकले आहेत. खिडकीवरचा आवाज त्याने सकाळीच ऐकलेला असतो, त्यामुळे ते त्याला आधीच ठाऊक असते.

अश्विनीच्या पहिल्या प्रयत्नावर थोडे थांबायला हवे, कारण नव्याने या कामाला बसलेली बहुतेक माणसे तिथेच घसरतात. तिने लिहिले : “नमस्कार टीम, तुम्ही सगळे किती मेहनत घेता याची मला कल्पना आहे. या वेळी ओव्हरटाइमच्या बाबतीत थोडी गडबड झाल्याचे लक्षात आले आहे. शक्य तितक्या लवकर ते पाहून घ्यावे. पुढच्या वेळी आपण सगळेच थोडी काळजी घेऊ या.”

हा मसुदा तिने शेजारी बसणाऱ्या मेघना मॅडमना दाखवला. त्यांची या कामात बारा वर्षे गेलेली. त्या म्हणाल्या, “छान गोड झालाय. आता प्रेस शॉपमधल्या एखाद्याने हा वाचला असं धर. त्याचे पैसे कधी येणार, हे यात कुठे आहे?”

ते कुठेच नव्हते. ४३ हा आकडा नव्हता, तास नव्हते, तारीख नव्हती. ‘लक्षात आले आहे’ म्हटल्यावर कुणाच्या लक्षात आले तेही गेले. ‘थोडी गडबड’ तर सरळसरळ खोटे होते. पगार पुढच्या महिन्याच्या सात दिवसांच्या आत व्हावा असे कायदा सांगतो, आणि इथे हक्काचे पैसे त्या मुदतीत पोचले नव्हते. रागाबरोबर सगळी माहितीही धुऊन गेली होती. देशमुख सरांच्या मेलमध्ये निदान ४३ तरी होते. तेवढ्यापुरता त्यांचा कडक मेल अश्विनीच्या गोड मेलपेक्षा प्रामाणिक होता, आणि हे तिला मान्य करावे लागले.

मग मेघना मॅडमनी तिला मूळ मेल पुन्हा उघडायला लावला आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायला सांगितला : हे घडलेल्या गोष्टीबद्दल आहे की माणसाबद्दल? ‘४३ जणांचा ओव्हरटाइम राहिला’ हे घडलेले आहे, कागदावर तपासता येते. ‘जबाबदारी कशाशी खातात हे माहीत नाही’ हा माणसांवरचा शेरा आहे, तो तपासायला कुठलेही रजिस्टर नाही. ‘सागरने डोळे उघडे ठेवले असते तर’ यात दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहे. दिसते घटना, पण चूक सागरची होती हा निष्कर्ष आत लपून बसला आहे, आणि सकाळी साडेदहा वाजता तो निष्कर्ष काढण्याइतकी माहिती कुणाकडेच नव्हती. घडलेले ठेवायचे, शेरे काढायचे, आणि निष्कर्षाच्या जागी प्रश्न घालायचा. या पद्धतीने बसले की मेल सौम्य होतोच, शिवाय आधीपेक्षा नेमका होतो. माझ्या मते काम जमले की नाही हे ओळखायची खूण हीच : राग काढल्यावर मेलमधली माहिती वाढलेली दिसली पाहिजे. ती घटली असेल तर फक्त साखर घातली गेली आहे.

सहाव्या वाक्याची गोष्ट वेगळी. ‘पगारातून वसूल करीन’ हे उद्धट आहे म्हणून काढायचे नाही, तसे करता येत नाही म्हणून काढायचे. माणसाच्या पगारातून दंड किंवा नुकसानभरपाई कापायची तर आधी त्याला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, आणि दंड त्या पगाराच्या तीन टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे बंधन होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. शिवाय मेल हा पुरावा असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालचा. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाइतकीच मान्यता आहे, आणि कामगार न्यायालयात मेलच्या छापील प्रती दाखल होतात. उद्या सागरवर खरोखरच कारवाई करायची वेळ आली, तर चौकशीच्या आधीच मॅनेजरने चौदा जणांसमोर त्याला दोषी ठरवले होते हा कागद सागरच्या वकिलाच्या हातात असेल. मग चौकशी कितीही नीट केली तरी ती दिखाऊ होती असे म्हणायला जागा राहते. कनिष्ठ एचआरला अशा वेळी घाबरायचे कारण नसते. “सर, शब्द कठोर आहेत,” हे सांगणे अवघड जाते. “सर, या ओळीमुळे कंपनी अडचणीत येईल,” हे सांगणे तिचे कामच आहे.

राहिली सीसीची यादी. मेलमधला कठोरपणा जितका शब्दांत असतो तितकाच, किंबहुना जास्त, त्या यादीत असतो. तिघांना खोलीत बोलावून चार शब्द सुनावले तर ते संध्याकाळपर्यंत विसरले जाते. तेच शब्द चौदा जणांच्या इनबॉक्समध्ये पडले की वर्षभर राहतात, कॅन्टीनमध्ये चघळले जातात. अश्विनीने यादीतल्या प्रत्येक नावापुढे विचार केला : या माणसाला हे वाचून काही करायचे आहे का? प्लांट हेडना काय झाले आणि पैसे कधी जाणार एवढे कळायला हवे, त्यासाठी दोन ओळींचा वेगळा मेल पुरतो. अकाउंट्सला रक्कम आणि तारीख हवी. प्रेस शॉपच्या सुपरवायझरना त्यांच्या माणसांना काय सांगायचे ते हवे. बाकीच्यांना या मेलचे काहीच काम नव्हते. आणि ज्यांचे पैसे अडकले ते ४३ जण तर कुठल्याच यादीत नव्हते. त्यांच्यासाठी तिने सूचनाफलकावर लावायची मराठीतली छोटी सूचना लिहिली. त्यात काय राहिले, ते कोणत्या तारखेला खात्यात जमा होईल, आणि शंका असेल तर टाइम ऑफिसमध्ये कुणाला भेटायचे, एवढेच होते.

दुसरा मसुदा असा झाला :

“विषय : प्रेस शॉपच्या ४३ कामगारांचा राहिलेला ओव्हरटाइम, १० तारखेला जमा करणे. या महिन्याच्या पगारात प्रेस शॉपच्या ४३ जणांच्या ५१६ तासांचा ओव्हरटाइम धरला गेलेला नाही. हक्काचे पैसे वेळेवर न पोचणे ही गंभीर चूक आहे. दुरुस्त शीट आज चार वाजेपर्यंत माझ्याकडे द्या, अकाउंट्स १० तारखेला पैसे जमा करेल. पाच वाजता आपण माझ्या केबिनमध्ये बसू. तोपर्यंत तीन गोष्टी शोधून ठेवा : प्रेस शॉपची शीट आपल्याकडे केव्हा आली, आपण इनपुट केव्हा बंद केले, आणि पगार सोडण्याआधी ओव्हरटाइमचे तास मागच्या महिन्याशी ताडून पाहिले होते का.”

सागरचे नाव गेले. ‘गंभीर चूक’ राहिली, आणि ती राहायलाच हवी होती. ‘कारणे ऐकण्यात रस नाही’ याच्या जागी कारणांची थेट मागणी आली.

आता यातला सर्वांत नाजूक भाग. सरांनी ‘भाषा बघ आणि पाठवून दे’ म्हटले होते. अश्विनीने हा नवा मेल त्यांच्या नावाने परस्पर पाठवला असता तर चालले असते का? मला ठामपणे वाटते, नाही. भाषा बघ म्हणजे स्पेलिंग बघ, की शब्द बदल, की वाक्येच काढून टाक, हे सरांनी सांगितले नव्हते. खाली सही त्यांची होती. ज्याच्या नावाने मेल जातो त्याला पाच वाजता त्याच शब्दांना धरून टीमसमोर बसायचे असते. आपण काय लिहिले ते त्यालाच माहीत नसेल तर तो तोंडी पुन्हा मूळ मेलच बोलून मोकळा होईल. म्हणून तिने दोन्ही मसुदे एकाखाली एक ठेवले आणि वर थोडक्यात लिहिले : आकडे आणि तारीख घातली आहे, व्यक्तीचे नाव काढले आहे, पगारातून वसुलीची ओळ काढली आहे, सीसी कमी केली आहे, ठीक असल्यास पाठवते. मग फोन न करता ती केबिनमध्ये गेली.

सर वाचता वाचता म्हणाले, “म्हणजे चूक करा आणि मोकळे सुटा?”

“नाही सर. कारवाई करायची असेल तर कारणे दाखवा नोटीस वेगळी काढू, त्यांचं म्हणणं घेऊ. मेलमध्येच वसुलीचं लिहिलं तर नंतर ती नोटीस टिकणार नाही.”

ते त्यांना पटले. पण त्यांचा दुसरा आक्षेपही रास्त होता : “यात मी चिडलोय असं कुठे वाटतंच नाही. दोनदा माफी मागून आलोय मी.” अश्विनीने यावर वाद घातला नाही. विचारले, “मग तसंच लिहू का सर?” आणि ‘गंभीर चूक आहे’ या वाक्यानंतर एक वाक्य घातले : “आज सकाळी कामगारांसमोर मला उत्तर देता आले नाही, आणि त्याचा मला राग आला आहे.”

हे वाक्य मला सगळ्या मेलमधले सर्वांत चांगले वाटते. मॅनेजरने राग लपवायचा नसतो. लपवला तरी टीमला तो कळतोच, आणि गुळगुळीत शब्दांआडचा राग जास्त भीतिदायक वाटतो. ‘मला राग आला’ हे लिहिणाऱ्याबद्दलचे खरे वाक्य आहे, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही. ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ यावर मात्र समोरचा मनातल्या मनात वाद घालत बसतो आणि शीट चार वाजेपर्यंत येत नाही.

पाच वाजता चौघे बसले. सागरने दोन मेल दाखवले. दर महिन्याला हजेरीचे चक्र २६ ते २५ असे चालते आणि इनपुट २७ ला बंद होते. त्या महिन्यात ऑडिट असल्यामुळे ते २६ लाच बंद करा, असा निरोप सरांच्याच ऑफिसातून पेरोलला आला होता. तो प्रेस शॉपला गेलाच नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे २७ ला सकाळी सुपरवायझरच्या सहीनिशी शीट पाठवली, तोवर पेरोलने पुढचे काम सुरू केले होते. यात पेरोलचीही चूक होती : पगार सोडण्याआधी विभागवार ओव्हरटाइम मागच्या महिन्याशी ताडून पाहिला असता तर प्रेस शॉपसमोरचे शून्य लगेच डोळ्यांत भरले असते. घाईत ते राहिले होते, आणि सागरने ते न विचारता सांगितले.

मूळ मेल गेला असता तर यातले पहिले निम्मे बाहेर आलेच नसते. ज्याने चौदा जणांसमोर ‘कारणे ऐकण्यात रस नाही’ असे लिहिले, त्याच्यापुढे ‘सर, निरोप तुमच्याच ऑफिसातून आला होता’ असे म्हणायला कोण धजावेल? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांवर केलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत औषध देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदींत उलटेच दिसले : ज्या गटांत नेतृत्व आणि आपसांतले संबंध चांगले होते तिथे चुकांची संख्या जास्त होती. त्यामागचे कारण त्यांनी शोधले तेव्हा लक्षात आले की या गटांतली माणसे चुका उघडपणे सांगत होती, तर जिथे बोलणी खावी लागत तिथे चुका दडवल्या जात होत्या. पेरोलच्या खोलीतही असेच घडते. दडवलेली चूक पुढच्या महिन्यात पुन्हा पेस्लिपवर उमटते.

ज्युनिअर माणसाने हे काम कुठवर करावे, यालाही मर्यादा आहे. मेलमध्ये कुणाच्या जातीवरून, बाईपणावरून किंवा शरीरावरून शेरा असेल, तर तो शब्द गुपचूप बदलून मेल पुढे पाठवणे म्हणजे पुरावा पुसणे होय. असा मसुदा आहे तसा ठेवून एचआर प्रमुखांकडे न्यायचा, आणि मामला लैंगिक छळाचा असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या अंतर्गत समितीकडे. मेल आधीच गेलेला असेल तर त्यावर दुसरा गोड मेल चढवण्यातही अर्थ नाही, तिथे मॅनेजरने स्वतः जाऊन बोलावे लागते. आणि एकाच साहेबाचे मेल महिन्यामागून महिना एकच मुलगी दुरुस्त करत बसली असेल, तर तिच्या कौशल्यामुळे त्या साहेबाचे वागणे वरच्यांच्या नजरेआड राहते. तेव्हा तिच्या वरिष्ठांनी त्याच्याशी थेट बोलले पाहिजे. दोन वर्षांच्या नोकरीतल्या मुलीच्या अंगावर ते ओझे टाकणे मला अन्यायाचे वाटते.

१० तारखेला ४३ जणांच्या खात्यात पैसे जमा झाले. इनपुट बंद करायची तारीख बदलली तर तो निरोप पेरोल आणि सगळ्या सुपरवायझरना एकाच मेलने जाईल असे ठरले, आणि पगार सोडण्याआधी विभागवार तासांच्या तुलनेवर दोन सह्या घ्यायला सुरुवात झाली. सागरला नोटीस निघाली नाही.

मॅनेजरच्या खुर्चीत बसणाऱ्यांना एक विनंती आहे. रागात लिहिलेला मसुदा दुसऱ्याकडे द्यायची बुद्धी तुम्हाला होते, हे चांगलेच आहे. पण देताना ‘भाषा जरा बघ’ एवढ्यावर सोडू नका. वाक्य काढायची मुभा आहे का, नाव काढायची आहे का, सीसी बदलायची आहे का, आणि बदललेला मेल जाण्यापूर्वी तुम्हाला पुन्हा दाखवायचा आहे, हे त्याच ओळीत लिहून द्या.